प्रशासकीय कायद्याच्या नोट्स: आधी काय, नंतर काय

(पेण तालुक्यातील रामवाडी येथे स्पर्धा परीक्षा आणि न्यायिक सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मग हा माणूस कायद्यावर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काही जणांना वाटत असेल, आणि ते बरोबरच आहे. मी इंजिनिअरिंग केलं, नंतर यूपीएससीसाठी कायदा हा वैकल्पिक विषय घेतला, दोनदा मुख्य परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा राहिलो. माझी धाकटी बहीण एलएलबी करून आता दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे जेएमएफसीच्या परीक्षेची तयारी करते आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने माझी जुनी वही मागितली. ती चाळताना मला माझी चूक दिसली. आज त्या चुकीबद्दल बोलणार आहे.

वहीत प्रशासकीय कायद्याची 118 पानं होती. त्यातली पहिली 46 पानं या विषयाची व्याख्या, उगम, डायसीने काय म्हटलं, फ्रान्समधली पद्धत कशी आहे, यावर खर्ची पडली होती. नैसर्गिक न्यायाला 11 पानं होती आणि विवेकाधिकाराला सहा. मी पुस्तकातल्या प्रकरणांच्या क्रमाने नोट्स काढत गेलो होतो. पहिल्या प्रकरणाच्या वेळी अंगात जोर असतो म्हणून ते सविस्तर उतरतं, आणि परीक्षेत ज्यावर प्रश्न येतात ती प्रकरणं पुस्तकाच्या मध्यावर असतात, तिथे पोचेपर्यंत आपण थकलेलो असतो. माझी पानं मी महत्त्वाप्रमाणे वाटली नव्हती. माझ्या थकव्याप्रमाणे ती आपोआप वाटली गेली होती.

तेव्हा पहिलं काम म्हणजे अभ्यासक्रम समोर ठेवणं. यूपीएससीच्या कायदा विषयाच्या पहिल्या पेपरचा 'अ' विभाग संविधान आणि प्रशासकीय कायद्याचा आहे, 'ब' विभाग आंतरराष्ट्रीय कायद्याचा. पेपर 250 गुणांचा, पाच प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 50 गुण. म्हणजे 'अ' विभागातून दोन किंवा तीन प्रश्न. या विभागात एकूण 16 मुद्दे आहेत. त्यातले थेट प्रशासकीय कायद्याचे किती? नैसर्गिक न्याय, प्रत्यायोजित कायदेनिर्मिती, प्रशासकीय कृतींचं न्यायिक पुनर्विलोकन आणि लोकपाल-लोकायुक्त, असे चार. न्यायाधिकरणं हा पाचवा, पण तो शासकीय सेवांच्या मुद्द्यात दडलेला आहे. विषयाचा इतिहास हा वेगळा मुद्दा म्हणून यादीत नाहीच. माझी 46 पानं अशा मुद्द्यावर होती, जो विचारलाच जात नाही.

जेएमएफसीचं गणित वेगळं आहे. तिथे प्रशासकीय कायदा हा स्वतंत्र विषय नाही. तो भारताच्या संविधानाच्या पोटात येतो, म्हणजे अनुच्छेद 14, 21, 226, 227, 311, 323-क आणि 323-ख यांच्या आधारे. त्यामुळे बहिणीला मी सांगितलं की तुझ्या नोट्स अनुच्छेदाच्या क्रमाने लाव, माझ्या मुद्द्याच्या क्रमाने. पण कोणत्या गोष्टीला किती पानं द्यायची, हा प्रश्न दोघांचा एकच.

इथे माझा पेशा थोडा कामी आला. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो. ज्या भागावर सगळ्यात जास्त भाग अवलंबून असतात तो आधी आणि नीट लिहायचा, कारण तो बिघडला तर सगळंच बिघडतं. मी पाचही मुद्दे कागदावर लिहिले आणि विचारलं, कोणता समजण्यासाठी कोणता आधी लागतो? लोकायुक्ताकडे तक्रार कशाची करतात? अधिकाराच्या गैरवापराची. न्यायाधिकरण काय तपासतं? अधिकाऱ्याचा आदेश कायद्यात बसतो का आणि त्याने समोरच्याचं ऐकलं का. सरकारने केलेला नियम कोर्ट कधी रद्द करतं? मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर तो गेला तर. म्हणजे सगळे बाण दोनच ठिकाणी येऊन थांबतात. एक, अधिकार होता का आणि तो कशासाठी वापरला. दोन, वापरताना समोरच्याला ऐकलं का. पहिला म्हणजे विवेकाधिकाराचं पुनर्विलोकन, दुसरा म्हणजे नैसर्गिक न्याय. हे दोन आधी आणि सविस्तर. बाकी तीन त्यांच्यावर उभे राहतात.

आता हे दोन्ही मुद्दे मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या खटल्यांवरून समजावतो. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले. जून 1980 मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आपल्या घरांत त्यांच्याबद्दल आदराने बोललं जातं. काहींना त्यांच्यावरचे आरोप आठवतात. मी दोन्हींत पडत नाही. त्यांच्या नावावर कायद्याचे दोन धडे आहेत, एक त्यांच्या विरोधात गेलेला आणि एक त्यांच्या बाजूने. म्हणूनच ते लक्षात राहतात.

पहिला धडा सिमेंटचा. त्या काळात सिमेंटवर नियंत्रण होतं, कुणाला किती सिमेंट द्यायचं हे सरकार ठरवायचं. बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि मुख्यमंत्र्यांशी संबंधित ट्रस्टला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असं म्हणत पी. बी. सामंत आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. 12 जानेवारी 1982 रोजी न्या. लेंटिन यांनी हा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला, आणि त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नोट्समध्ये इथे राजकारण लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच: सिमेंट वाटण्याचा अधिकार सरकारला होता, त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो कारणाचा. सिमेंट कुणाला द्यायचं हे ठरवताना गरज, रांग, बांधकामाचा प्रकार हे संबंधित मुद्दे झाले. देणगी हा असंबंधित मुद्दा झाला. अधिकार असूनही असंबंधित कारणासाठी वापरला, तर ती कृती बेकायदा ठरते.

या शेजारी मुंबईचाच एक जुना खटला ठेवा, पोलीस आयुक्त विरुद्ध गोरधनदास भानजी, सर्वोच्च न्यायालय, 1951. अंधेरीला सिनेमागृह बांधायला आयुक्तांनी परवानगी दिली होती. नंतर सरकारने सांगितलं म्हणून ती रद्द केल्याचं पत्र गेलं. कोर्ट म्हणालं, परवानगी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांना दिला आहे, सरकारला नाही. आयुक्तांनी स्वतः विचार केलाच नाही, दुसऱ्याचा निरोप पोचवला. शिवाय आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा. माझ्या मनात काय होतं हे अधिकाऱ्याने नंतर सांगून चालत नाही. या दोन खटल्यांतून विवेकाधिकाराची दोन टोकं मिळतात: एकीकडे चुकीच्या कारणासाठी वापर, दुसरीकडे स्वतः विचार न करता दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापर. यापुढे अवाजवीपणा आणि प्रमाणबद्धता या कसोट्या प्रत्येकी एका पानात येतात.

दुसरा धडा नैसर्गिक न्यायाचा. राजीनाम्यानंतर रामदास नायक यांनी अंतुलेंवर भ्रष्टाचाराची फिर्याद केली. ती विशेष न्यायाधीशांसमोर होती, कारण 1952 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती कायद्याप्रमाणे असे खटले फक्त विशेष न्यायाधीशांनीच चालवायचे. अंतुले आमदार असल्यामुळे पूर्वपरवानगी हवी, ती नाही, म्हणून 1983 मध्ये विशेष न्यायाधीशांनी त्यांना आरोपातून मुक्त केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 16 फेब्रुवारी 1984 रोजी पाच न्यायमूर्तींनी परवानगीची गरज नसल्याचा निकाल दिला, आणि त्याच निकालात खटला लवकर संपावा म्हणून तो मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे सोपवला. तशी मागणी कुणी केलेली नव्हती, आणि त्यावर अंतुलेंचं म्हणणंही ऐकलं गेलं नव्हतं.

वरवर पाहता यात वाईट काय? उलट मोठं कोर्ट मिळालं. पण विचार करा. विशेष न्यायाधीशाने शिक्षा दिली असती तर उच्च न्यायालयात अपील करता आलं असतं. खटलाच उच्च न्यायालयात चालला तर ती पायरी गेली. कायद्याने सगळ्या आरोपींना दिलेली पायरी एकाच आरोपीची काढून घेतली, म्हणजे अनुच्छेद 14 आला. 29 एप्रिल 1988 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने स्वतःच्याच कोर्टाचा आधीचा निर्देश रद्द केला. कारणं तीन: विशेष न्यायाधीशाचा अधिकार कायद्याने ठरवलेला, तो कोर्टाच्या निर्देशाने दुसऱ्याला देता येत नाही, समान वागणूक मिळाली नाही, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याला न ऐकता निर्देश दिला. कोर्टाच्या चुकीचा भुर्दंड पक्षकाराला पडू नये, हे तत्त्व इथून लिहायचं. यातून अंतुले निर्दोष ठरले नाहीत. फक्त खटला चुकीच्या जागी चालवला गेला, एवढंच ठरलं. परीक्षेत मुलं इथे घसरतात. नैसर्गिक न्याय मोडला म्हणजे माणूस जिंकला, असं लिहितात. बहुतेक वेळा याचा अर्थ एवढाच असतो की निर्णय पुन्हा, योग्य रीतीने घ्या.

नैसर्गिक न्यायाच्या बाकी नोट्स चार शीर्षकांखाली बसतात: नोटीस, सुनावणी, पक्षपात, कारणं. पक्षपाताला क्रैपक, 1969. काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच एक उमेदवार होता. स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बाजूला झाला, पण स्पर्धकांची नावं ठरवताना बसून राहिला. निवड रद्द झाली. याच निकालाने प्रशासकीय आणि अर्धन्यायिक कामातली रेघ पुसट केली, म्हणून एका खटल्यात दोन मुद्दे मिळतात.

सुनावणीला ओल्गा टेलिस, 1985. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची अतिक्रमणं नोटीस न देता काढण्याची मुभा महापालिका कायद्याच्या कलम 314 मध्ये होती. कोर्टाने ते कलम रद्द केलं नाही. नोटीस न देण्याची मुभा म्हणजे नोटीस देऊच नका असा हुकूम नव्हे, नोटीस देणं हाच नियम आणि न देणं हा अपवाद, असं ते वाचलं. पण पुढची गोष्ट बहुतेक नोट्समध्ये नसते: आयुक्तांनी न दिलेली सुनावणी आमच्यासमोर झाली, असं धरून कोर्टाने अतिक्रमणं काढायला वाव ठेवला. 'निर्णयानंतरची सुनावणी पुरते का' हा प्रश्न आला, तर ओल्गा टेलिसचा हा दुसरा अर्धा भाग उत्तरात हवा. तो लिहिणारा परीक्षार्थी निकाल वाचलेला दिसतो. पहिलाच भाग लिहिणारा गाइड वाचलेला दिसतो.

आता तिसरा मुद्दा, प्रत्यायोजित कायदेनिर्मिती. याला दहा पानं पुरतात, कारण प्रश्न तीनच. विधिमंडळाने मूळ धोरण स्वतः ठरवलं का? केलेला नियम मूळ कायद्याच्या चौकटीत आहे का? आणि तो लोकांपर्यंत पोचवला का? पहिल्याला दिल्ली लॉज अ‍ॅक्ट, 1951. तिसऱ्याला मुंबई विमानतळावरचा मेयर हान्स जॉर्ज याचा खटला, 1965. नोव्हेंबर 1962 मध्ये तो झुरिकहून मनिलाला निघाला होता, विमान मुंबईत थांबलं, त्याच्या अंगावरच्या जाकिटात 34 किलो सोनं सापडलं. असं सोनं घोषित करणं सक्तीचं करणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना त्याच्या प्रवासाच्या काही दिवस आधीच राजपत्रात छापली होती. मला माहीतच नव्हतं, हा त्याचा बचाव. कोर्ट म्हणालं, राजपत्रात रीतसर प्रसिद्ध झालं की पुरे, प्रत्येकाला कळलं पाहिजे असं नाही. याच्या समोर 1951 चा हरला खटला ठेवा, जिथे जयपूर संस्थानाचा कायदा कुठेच प्रसिद्ध केला नव्हता म्हणून शिक्षा टिकली नाही. दोन खटले समोरासमोर ठेवले की नियम आपोआप कळतो.

न्यायाधिकरणं चार पानांत संपवा. 42 वी घटनादुरुस्ती, 323-क आणि 323-ख, 1985 चा कायदा, आणि 1997 चा एल. चंद्रकुमार: न्यायाधिकरण राहील, पण उच्च न्यायालयाचा 226 आणि 227 चा अधिकार काढून घेता येणार नाही, तो संविधानाच्या मूलभूत चौकटीत येतो. उदाहरण म्हणून आपलं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. लोकायुक्ताला दोन पानं: महाराष्ट्राचा मूळ कायदा 1971 चा, केंद्राचा लोकपाल आणि लोकायुक्त कायदा 2013 चा, आणि लोकायुक्त प्रामुख्याने शिफारस करतो ही मर्यादा. इतिहासाला एक पान, तेही उत्तराच्या प्रस्तावनेची दोन वाक्यं सुचावीत एवढ्यासाठी.

हिशेब असा झाला: विवेकाधिकार आणि पुनर्विलोकन 16 पानं, नैसर्गिक न्याय 16, प्रत्यायोजित कायदेनिर्मिती 10, न्यायाधिकरणं चार, लोकायुक्त दोन, इतिहास एक. एकूण 49. माझ्या 118 च्या निम्म्याहून कमी.

हे बरोबर जमलं की नाही, हे कसं कळेल? वही मिटून एक प्रश्न सोडवा. मी बहिणीला दिलेला प्रश्न सांगतो. एका गावात रास्त भाव धान्य दुकानदाराचा परवाना रद्द होतो. आदेश दोन ओळींचा: 'तक्रारी प्राप्त झाल्याने परवाना रद्द करण्यात येत आहे.' दुकानदाराला नोटीस नाही. नंतर कळतं की एका स्थानिक पुढाऱ्याने अधिकाऱ्याला फोन केला होता. दुकानदार काय करू शकतो?

तिने आधी नैसर्गिक न्याय लिहिला आणि थांबली. मी म्हटलं, 'अगं, एक पायरी मागे जा. रद्द करण्याचा अधिकार कुठून आला?' तो येतो 1975 च्या महाराष्ट्र अनुसूचित वस्तू वितरण विनियमन आदेशातून. तो आदेश निघाला 1955 च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली. म्हणजे पहिला परिच्छेद प्रत्यायोजित कायदेनिर्मितीचा: हा अधिकार कुणाला दिला आहे, सही करणाऱ्यालाच का? दुसरा परिच्छेद फोनचा. अधिकाऱ्याने स्वतः विचार केला की निरोप पोचवला? इथे गोरधनदास भानजी. तिसरा परिच्छेद नोटीस आणि सुनावणीचा. परवाना हे त्याचं पोट आहे, म्हणून ऐकणं आवश्यक. चौथा कारणांचा. 'तक्रारी प्राप्त' हे कारण नव्हे. कोणत्या, कधीच्या, चौकशीत काय निघालं, हे आदेशात हवं, नंतर प्रतिज्ञापत्रात भरता येत नाही. पाचवा परिच्छेद दाद कुठे मागायची याचा. त्या आदेशाखाली वरिष्ठांकडे दाद मागायची सोय असेल तर उच्च न्यायालय साधारणपणे आधी तिकडे जा म्हणतं. पण 1998 च्या व्हर्लपूल खटल्याप्रमाणे नैसर्गिक न्याय मोडला असेल किंवा अधिकारच नसेल तर थेट 226 खाली जाता येतं. आणि शेवटी उपाय: आदेश रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला परत जाईल, परवाना कायमचा पक्का होणार नाही.

बहिणीने दुसऱ्यांदा हे पूर्ण लिहिलं आणि म्हणाली, 'भाईजान, यात लोकायुक्त आणि डायसी कुठेच आले नाहीत.' मी म्हटलं, म्हणूनच त्यांना तीन पानं.

असे पाच प्रश्न स्वतः तयार करा: घर पाडण्याची नोटीस, दाखला नाकारणं, शिक्षकाचं निलंबन, शिष्यवृत्तीचा बदललेला नियम, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. प्रत्येक उत्तरात वहीतलं कोणतं पान लागलं, त्यावर पेन्सिलीने टिंब करा. पाच प्रश्नांनंतर ज्या पानावर एकही टिंब नाही ते आखडून अर्ध्या पानात आणा. ज्यावर चार-पाच टिंबं आहेत आणि तरी लिहिताना अडखळलात, त्यासाठी मूळ निकाल काढून वाचा आणि पान नव्याने लिहा. नवीन निकाल आला की आधी बघा, तो कोणत्या टिंबाच्या पानाचा आहे, आणि त्याच पानाच्या समासात लिहा. त्याच्यासाठी वेगळी वही करू नका. माझ्या त्या वेगळ्या वह्या अजून पेणच्या घरी माळ्यावर पडून आहेत.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांच्याजवळ वही आहे त्यांनी उघडून पहिल्या मुद्द्याला किती पानं गेली आहेत ती मोजावीत, तिथूनच सुरुवात करू.